सासूबाईंच्या पर्समधली चावी

राजा ठाकूर यांच्या १९७० सालच्या ‘मुंबईचा जावई’ या चित्रपटात नव्या जोडप्याची अडचण कुणालाही कळण्यासारखी होती. मुंबईतलं एवढंसं घर, त्यात भरलेलं कुटुंब, आणि नवरा-बायकोला दोन शब्द बोलायला कोपरा नाही. बासू चटर्जींनी १९७२ साली हीच गोष्ट ‘पिया का घर’ या नावानं हिंदीत आणली. गंमत अशी की त्या घरात वाईट कुणीच नाही. सगळे प्रेमळ आहेत, जीव लावणारे आहेत. जागा तेवढी नाही.

आज पुण्यात, ठाण्यात, नाशकात संसार मांडणाऱ्या बऱ्याच जोडप्यांकडे जागा आहे. वन बीएचके का होईना, बेडरूमला दार आहे आणि दाराला कडी आहे. मात्र फ्लॅटच्या मुख्य दाराची एक चावी सासूबाईंच्या पर्समध्ये असते, सासरे निवृत्त असतात, दोन्ही घरांत स्कूटरचं वीस मिनिटांचं अंतर असतं आणि ‘आपल्याच मुलाकडे जायला फोन कसला करायचा’ ही भावना अगदी निर्मळ असते. त्यामुळे जागेअभावी जे मिळत नव्हतं ते जागा मिळूनही मिळत नाही. फरक इतकाच की आता दोष द्यायला चाळ उरलेली नाही. बोलावं लागतं, आणि बोलायचं कसं हे कुणी शिकवलेलं नसतं.

बोलणं अवघड होतं ते कारण सांगता येत नाही म्हणून. नव्या जोडप्याला सुट्टीच्या सकाळी अकरापर्यंत झोपायचं असतं. घरात वाटेल तसं, वाटेल त्या कपड्यांत वावरायचं असतं. एकमेकांच्या अंगाची, सवयींची ओळख करून घ्यायची असते. कडाडून भांडायचं असतं आणि अर्ध्या तासानं भांडण मिटवायचंही असतं. यातलं एकही वाक्य मराठी घरात आईवडिलांसमोर उच्चारता येत नाही, आणि उच्चारायची गरजही नाही. मग सबबी सुरू होतात. ‘आज माझी मीटिंग आहे.’ ‘घर आवरलेलं नाही.’ ‘केतकीचं डोकं दुखतंय.’

सबबीचा घोटाळा असा की तिच्यावर उपाय निघतो. मीटिंग आहे म्हटलं की आई म्हणते, ‘असू दे, तू दार लावून बस, मी तोवर स्वयंपाकघरात भाजी निवडते.’ घर आवरलेलं नाही म्हटलं तर ती आवरायलाच येते. डोकं दुखतंय म्हटलं की सुंठेचा लेप घेऊन दोघंही हजर होतात. यात त्यांचा काही दोष नाही. तुम्ही अडचण सांगितलीत, त्यांनी ती सोडवली. म्हणून पहिली गोष्ट ही ठरवावी, की कारण द्यायचं नाही. ‘शनिवार सकाळ आम्हा दोघांना मोकळी हवी आहे’ हे वाक्य पूर्ण आहे. त्याला ‘कारण की’ जोडलं की वाटाघाट सुरू होते.

समोरच्या बाजूलाही समजून घेण्यासारखं काही आहे, आणि ते नुसत्या ‘जुन्या विचारांचे आहेत’ या शेऱ्यानं संपत नाही. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची जी ओळख करून दिली, तिच्यात एक छप्पर आणि एक चूल यांच्याबरोबर सामाईक मालमत्ता आणि सामाईक देवधर्मही होता. पुढे ए. एम. शहा यांनी १९७३ च्या आपल्या पुस्तकात एका छपराखाली राहणारी माणसं आणि एक कुटुंब मानणारी माणसं या दोन गोष्टी वेगळ्या धरून पाहाव्यात, असा आग्रह धरला. हा फरक आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. मुलगा आणि सून वेगळं घर घेतात तेव्हा त्यांच्या मनात वेगळा संसार सुरू झालेला असतो. आईवडिलांच्या मनात मात्र कुटुंब तेच असतं, फक्त त्याची एक खोली आता कोथरूडला असते. आपल्याच घराच्या दुसऱ्या खोलीत जाताना कोण दार वाजवतं?

त्यात पैसा असतो. फ्लॅटच्या सुरुवातीच्या रकमेत वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडातले दहा-बारा लाख असतात, कधी करारनाम्यावर त्यांचं नावही असतं. कुणी ते बोलून दाखवत नाही, पण चावी मागायचा हक्क तिथून आलेला असतो. ज्यांनी आईवडिलांचे पैसे घेतले आहेत त्यांनी हे स्वतःशी मान्य करून मगच बोलायला बसावं. दिलेल्या पैशाबद्दल भेटीगाठींचा हक्क मिळत नाही हे खरंच. पण ‘हे आमचं घर आहे’ हे वाक्य त्या घरात जरा जपून वापरावं लागतं.

आता एक घर घेऊ. माणसं कल्पनेतली आहेत, नावं सोयीसाठी दिली आहेत, पण यातला प्रत्येक प्रसंग कुठल्या ना कुठल्या घरात घडतोच. केतकी बँकेत आहे, सौरभ एका औषध कंपनीत. डिसेंबरात लग्न झालं. कोथरूडला वन बीएचके. सौरभचे आईवडील सिंहगड रोडला, केतकीचे सांगलीला. फेब्रुवारीपर्यंत आठवड्याचा असा क्रम बसलेला असतो: मंगळवारी दुपारी दोघं कामावर असताना आई चावीनं घर उघडून फ्रिजमध्ये अळूवड्या नाहीतर कढीचं पातेलं ठेवते, आणि हात रिकामे आहेत तर म्हणून डाळींचे डबे उंचीप्रमाणे लावून जाते. शनिवारी सकाळी नऊला बाबा मंडईतून ताजी मेथी घेऊन बेल वाजवतात. एका रविवारी संध्याकाळी आई आत्याला आणि आत्याच्या विहिणीला ‘घर दाखवायला’ घेऊन येते. तेव्हा बेडरूममध्ये धुतलेल्या कपड्यांचा ढीग असतो आणि केतकी नाइटीवर असते.

केतकी रात्री सौरभला सांगते. सौरभ म्हणतो, ‘अगं, ती काय परकी आहे का?’ चार वेळा हेच होतं. पाचव्या वेळी केतकी रडते, आणि दुसऱ्या दिवशी सौरभ ऑफिसमधून, दोन कामांच्या मध्ये, वैतागलेल्या आवाजात आईला फोन करतो: ‘आई, असं न सांगता येत जाऊ नकोस. केतकीला आवडत नाही.’

आई म्हणते, ‘बरं.’

त्या ‘बरं’नंतर तीन आठवडे कुणी येत नाही. मग एक दिवस बाबा डबा घेऊन येतात, चप्पलही न काढता दारातूनच देतात, ‘नाही, बसत नाही, उशीर होतोय’ म्हणून वळतात. निवृत्त माणसाला शनिवारी सकाळी कसला उशीर! चौथ्या आठवड्यात आत्याचा फोन येतो की सुनेनं सासूला बंदी घातली म्हणे.

इथे चुकलं काय? मागणी चुकीची नव्हती. चुकली ती तीन-चार बारीक गोष्टींत. फोनवरून बोललं गेलं, त्यामुळे आईला चेहरा दिसला नाही, नुसता आवाजातला वैताग ऐकू आला. ‘येऊ नकोस’ सांगितलं, ‘कधी ये’ ते सांगितलंच नाही. आणि सगळ्यात महाग पडलं ते ‘केतकीला आवडत नाही’. या एका वाक्यानं मुलगा बाजूला झाला आणि भांडण सासू-सुनेचं ठरलं. यापुढे केतकी कितीही गोड वागली तरी आईच्या हिशेबी दार लावणारी तीच. मुलगे हे वाक्य दुष्टपणानं बोलत नाहीत. आईच्या नजरेत आपण वाईट होऊ नये म्हणून बोलतात, म्हणजे स्वतःच्या सुटकेसाठी बायकोला पुढे करतात. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत चीड येते ती याची.

म्हणून आपल्या आईवडिलांशी आपणच बोलायचं. सासरच्यांशी मुलानं, माहेरच्यांशी मुलीनं. मुलानं आईला रागावून जरी काही म्हटलं तरी चार दिवसांत ती विसरते. सुनेनं हसत म्हटलेलंही वीस वर्षं लक्षात राहतं. सुनेनं त्या वेळी शेजारी बसावं का, यावर मतभेद आहेत. माझ्या मते पहिल्या बोलण्याला तिनं नसावं. ती गप्प बसली तर तिनंच पढवून आणलं असं दिसतं, आणि मध्ये बोलली तर विषय तिचा होतो. आधी दोघांनी आपल्या घरी बसून नेमकं काय हवं ते ठरवावं, मग ज्याचे आईवडील त्यानं जावं.

जायचं त्यांच्या घरी. सणाच्या दिवशी नाही, पाहुणे असताना नाही, आणि नुकतंच काही बिनसलेलं असताना तर नाहीच. व्हॉट्सअ‍ॅपवर हे लिहू नये. लिहिलेलं वाक्य बहिणीला, जावेला, नणंदेला दाखवता येतं आणि प्रत्येक वाचनात ते अधिक कडू होत जातं. कुटुंबाच्या ग्रुपवर ‘सर्वांना विनंती’ टाकणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं.

सौरभ एका संध्याकाळी चहाच्या वेळी एकटा जातो. बोलणं साधारण असं होतं.

‘आई, परवा फोनवर मी तुटक बोललो. आणि केतकीचं नाव घ्यायला नको होतं. ते म्हणणं माझंही होतं.’

‘म्हणजे आम्ही यायचंच नाही का?’

‘यायचं. दर रविवारी दुपारी एकत्र जेवू. एका रविवारी तुम्ही आमच्याकडे, एका रविवारी आम्ही इकडे. फक्त शनिवार सकाळ आम्हा दोघांना मोकळी हवी आहे. आणि मध्येच कधी यावंसं वाटलं तर निघायच्या आधी मला विचार. एखाद्या वेळी मी आज नको म्हणेन. तेव्हा मग कधी, ते मीच सांगेन.’

बाबा म्हणतात, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं.’

‘हो बाबा. तुम्ही आजी-आजोबांबरोबरच राहत होतात.’

एवढं बोलून सौरभ थांबतो. बाबांच्या काळाशी वाद घालत नाही. थोडा वेळ कुणी बोलत नाही, आणि मग आई जे विचारते तो खरा प्रश्न असतो:

‘मग डब्याचं काय?’

हा प्रश्न हसण्यावारी नेला तर सगळं मुसळ केरात. आईच्या येण्याचं निम्मं कारण डबा आहे. मुलगा तीस वर्षं तिच्या हातचं जेवला, आता काय खातो तिला कळत नाही. डबा नेला की फ्रिज उघडता येतो आणि फ्रिज उघडला की दोघं बाहेरचं किती खातात ते कळतं. भेटीपेक्षा तिला ही खबर हवी असते. खबर दुसऱ्या वाटेनं मिळाली तर भेटीची निकड आपोआप कमी होते. म्हणून सौरभनं सांगावं, ‘बुधवारी ऑफिसातून येताना मी इकडून डबा घेऊन जातो, दहा मिनिटं बसतो.’ आणि मागच्या आठवड्याचे रिकामे डबे परत नेताना केतकीनं त्यातल्या एकात स्वतः केलेलं काहीतरी घालावं. रिकामा डबा परत पाठवू नये ही आपली जुनी रीत आहे, ती इथे हजार शब्दांचं काम करते. शिवाय दिवसाआड पाच मिनिटांचा फोन मुलानं स्वतःहून करावा. अनेक मुलगे लग्नानंतर आईला फोन करायचं काम नकळत बायकोवर सोपवतात, आणि मग आई काळजीनं घरी येते तेव्हा तक्रार करतात.

‘निघायच्या आधी विचार’ या शब्दांत दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही ठरवून घेतल्या नाहीत तर घोळ होतो. सोसायटीच्या गेटवरून ‘आम्ही खाली आलोय’ असा फोन करणं म्हणजे फोन करून येणं नव्हे. सिंहगड रोडहून ‘मी निघालेय हं’ असं सांगणं हेही नुसतं कळवणं झालं. दार बंद ठेवायला त्यात वाव नाही. विचारणं म्हणजे ‘आज संध्याकाळी आले तर चालेल का?’ आणि उत्तर येईपर्यंत थांबणं. हे पहिल्याच दिवशी वकिलासारखं फोड करून सांगू नये. पहिल्यांदा ‘मी निघालेय’ असा फोन आला की ‘ये, पण पुढच्या वेळी निघण्याआधी विचार हं’ असं हसून सांगावं. दुसऱ्यांदाही तेच सांगावं. तिसऱ्यांदा ‘आई, आज आम्ही बाहेर पडतोय, उद्या सातला ये’ असं म्हणून खरोखर बाहेर पडावं.

सगळ्यात अवघड असतो पहिला नकार. तोपर्यंत सगळ्यांनी मान डोलावलेली असते, कारण मान डोलावण्याला काही किंमत पडत नाही. पहिल्यांदा ‘आज नको’ म्हणाल तेव्हा ठरलेल्या गोष्टीचा कस लागतो. त्यात दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे धीर सुटून ‘बरं, ये’ म्हणायचं आणि मग दोन तास तोंड पाडून बसायचं. यातून आईला एवढंच कळतं की विचारलं तरी हे नाराजच असतात. दुसरी म्हणजे नुसतं ‘आज नको’ म्हणून फोन ठेवायचा. नकाराबरोबर त्याच वाक्यात दुसरा वार आणि वेळ द्यायची, आणि तो वार पाळायचा. दोनदा हे नीट झालं की आईचा विश्वास बसतो की हे आपल्याला टाळत नाहीत.

चावीबद्दल सगळ्यांना विचारावंसं वाटतं, परत मागायची का? पहिल्या बोलण्यात तर मुळीच नाही. दिलेली चावी परत मागणं हा अपमान आहे आणि तो तसाच घेतला जातो. तुम्ही घरात असताना आतली कडी लावलीत की बाहेरची चावी चालत नाही, तेव्हा त्या वेळेपुरता प्रश्न मिटतो. उरतो तो तुम्ही घरी नसतानाचा. त्यासाठी चावीचं काम ठरवून द्यावं: नळ चालू राहिला, गॅसचा वास आला असा शेजाऱ्यांचा फोन आला, आपली चावी आत राहून दार लागलं, आपण गावाला गेलो आणि झाडांना पाणी घालायचं आहे. ‘चावी तुझ्याकडे आहे म्हणून आम्ही निर्धास्त आहोत’ हे खरं असेल तर जरूर म्हणावं. आणि ‘आत जायच्या आधी मला फोन कर’ हेही. एवढ्यावरही दुपारी कुणी येऊन कपाटं लावून जात असेल तर गुपचूप कुलूप बदलू नये. बदललेलं कुलूप सासूबाईंना दारात उभं राहून कळतं, शेजारणीच्या देखत. त्यापेक्षा मुलानं तोंडावर सांगणं बरं: ‘आई, कपाटं आम्हीच लावू. तू चावीनं येऊन लावू नकोस.’ वाईट वाटेलच. पण ते चार भिंतींत वाटेल.

पहिल्या वर्षाच्या सणांचं काय, हा मोठा भाग आहे. नव्या जोडप्याचं पहिलं वर्ष आपल्याकडे रिकामं नसतंच. संक्रांतीला काळी साडी, हलव्याचे दागिने आणि हळदीकुंकू, आषाढात माहेरी, श्रावणात मंगळवारची मंगळागौर, भाद्रपदात हरतालिका, गणपती, गौरी, मग पहिला दिवाळसण. त्यात अधिक महिना आला तर जावयाला धोंड्याचं जेवण आलंच. २०२६ साली तो ज्येष्ठाला जोडून आला. शिवाय कुलदैवताला जाणं, सत्यनारायण, आणि लग्नाला न आलेल्या नातेवाइकांकडची जेवणं.

या यादीकडे वैतागानं पाहण्याऐवजी तिचा उपयोग करून घेता येतो. भेटी ठरवून घेण्याची पद्धत बाहेरून आलेली आहे असं वडीलधाऱ्यांना वाटतं, पण आपल्याकडे पूर्वी लेकीच्या जाण्यायेण्याला चोख वेळापत्रक होतं. सण जवळ आला की माहेराहून मुऱ्हाळी यायचा, बहुतेक वेळा भाऊच, तो सासरच्यांकडे रीतसर विचारायचा, किती दिवस ते ठरायचं आणि मग लेक निघायची. कुणी मनाला आलं म्हणून येऊन थडकत नसे. सासरच्यांच्या हाती परवानगीचा जो एकतर्फी अधिकार होता तो गेला हे उत्तमच झालं, पण विचारून येण्याची रीत त्याबरोबर जायचं कारण नव्हतं. तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर काढावं, आईला शेजारी बसवावं आणि कुठला सण कुठल्या घरी हे तिच्याकडूनच लिहून घ्यावं. संक्रांत तुमच्याकडे, मंगळागौर सांगलीला, गौरी तुमच्याकडे, दिवाळीचे पहिले दोन दिवस इथे आणि पाडवा तिथे. सगळं मिळून वर्षातले दहा-बारा शनिवार-रविवार जातील. उरलेले कुणाचे, हा वाद मग घालावा लागत नाही, कारण मानाचे सगळे दिवस आधीच मानानं दिलेले असतात.

आता सांगलीकडे वळू, कारण आतापर्यंतच्या वर्णनावरून सासूच तेवढी गुन्हेगार वाटेल. सांगलीहून कुणी शनिवारी नऊला बेल वाजवू शकत नाही. तिथून येतात ते आठ-दहा दिवस राहायला. पूर्वी अनेक घरांत लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी आईवडील जेवत नसत, काही जण पाणीही घेत नसत. ती रीत मुलीला परकं धन मानण्यातून आलेली होती आणि गेली ते बरंच झालं. पण तिच्या जागी दुसरं काहीच ठरलेलं नाही. वन बीएचकेत आईवडील हॉलमध्ये झोपले की रात्री पाणी प्यायला उठणंही चोरपावलांनी, कारण स्वयंपाकघराची वाट हॉलमधून जाते. जावई काही बोलू शकत नाही. त्यानं तोंड उघडलं तर ‘जावईबापूंना आम्ही जड झालो’ हे सांगलीभर होतं. तेव्हा इथे केतकीनं बोलायचं, आणि तिकिटं काढण्याआधी बोलायचं. ‘आई, या वेळी गुरुवारी या आणि सोमवारी सकाळी निघा. चार दिवसांतला शुक्रवार मी रजा टाकते.’ येण्याचा वार सांगताना जाण्याचाही सांगितला की तो हाकलल्यासारखा लागत नाही. आल्यानंतर सहाव्या दिवशी ‘मग तिकिटाचं कसं?’ असं विचारलं तर मात्र लागतो.

आणि रोज रात्री साडेनऊचा व्हिडिओ कॉल, ज्यात माहेरचे सगळे अर्धा तास स्क्रीनवर असतात आणि सौरभ बनियनवर हॉलमधून कुठे जावं या विवंचनेत असतो, तोही पाहुणचारच आहे. तो हॉलमध्ये बसून घेऊ नये, किंवा वार ठरवावेत. सुनांना सासूची बेल ऐकू येते, आईच्या कॉलची रिंग पाहुण्यांत मोजली जात नाही, इतकंच.

ठरवलेलं रुळतंय की नाही हे दीड-दोन महिन्यांत कळतं. आई आल्यावर नेहमीसारखी पाय दुमडून सोफ्यावर बसत असेल, स्वयंपाकघरात जाऊन ‘मीठ कुठे ठेवलंस?’ विचारत असेल, तर सगळं ठीक आहे. ती पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेला बसत असेल, पाणी दिल्यावर ‘कशाला त्रास घेतलास’ म्हणत असेल, विचारायचा फोन मुलाऐवजी सुनेलाच आणि अतिविनयानं करत असेल (‘तुमची हरकत नसेल तर यावं म्हणते’), तर राग आत जिरलाय. अशा वेळी पुन्हा खुलासे करत बसू नये. ‘बोलव’ म्हणून वाट न बघता जावं, तिच्या ओट्याशी उभं राहावं, तिची एखादी भाजी शिकून घ्यावी, डॉक्टरकडे तिच्याबरोबर जावं. रुसवा बोलण्यानं चढला असला तरी उतरतो तो जाण्यायेण्यानं. घरकामाच्या मावशी दोन्ही घरी एकच असतील तर बेडरूममधल्या भांडणांची बातमी तिकडे आपोआप पोहोचते, हेही ध्यानात असू द्यावं. ते मावशींना बोलून थांबत नाही, आपणच आवाज बेतानं ठेवून थांबतं.

या रीतीला मर्यादा आहेत. घरात कुणी आजारी असेल, मयत झालेलं असेल, बाळंतपण असेल तर शनिवार सकाळचे नियम बासनात ठेवावेत. त्या दिवसांत आईवडील न विचारता येतात त्याचं मोल वेगळं असतं. एकाच घरात सासू-सासऱ्यांसह राहणाऱ्यांना भेटींचा प्रश्नच नसतो. तिथे मागायचं ते बंद दारावर टकटक आणि उत्तराची वाट, एवढंच, आणि तेही मुलानंच. पण जिथे येणं ही काळजी नसून पाळत आहे, सुनेचा पगार, फोन, कपाट, माहेरचे फोन यांवर ताबा आहे, अपमान किंवा मारहाण आहे, तिथे डबे भरून परत पाठवण्यानं काही होणार नाही. तो विषय कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याचा आहे, आणि १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन त्यासाठी आहे. दोन्हींची गल्लत करू नये: बेल न विचारता वाजते म्हणून सासू छळवादी ठरत नाही, आणि छळ होत असताना ‘वडीलधारी आहेत’ म्हणून तो गोड शब्दांत मांडत बसायचं नसतं.

एक गोष्ट मुलांच्या ध्यानात सहसा येत नाही. सौरभकडेही सिंहगड रोडच्या घराची चावी आहे, आणि तो कुठलाही फोन न करता ती लावून आत शिरतो, फ्रिज उघडतो, सोफ्यावर आडवा होतो. आईवडिलांच्या घरातही आता तीस वर्षांनी पहिल्यांदा दोघंच आहेत. त्यांनी दुपारची झोप, सहाची मालिका, बाबांचा ब्रिजचा अड्डा असं आपलं काहीतरी बसवलेलं असतं. तेव्हा बुधवारी डबा आणायला जाण्याआधी सौरभनंही फोन करावा आणि ‘येऊ का?’ विचारावं. सवय नसल्यानं आई पहिल्यांदा हसेल, ‘तुला विचारायला कशाला हवं?’ म्हणेल. आणि मग एखाद्या बुधवारी म्हणेल, ‘आज नको रे, आज माझी भिशी आहे. उद्या ये, आणि येताना माझे ते दोन स्टीलचे डबे आण.’